पक्क्या पदवीचा ठराव

सोमवारी सकाळी आवक शाखेच्या दसरूभाऊंनी माझ्या टेबलावर जे पाकीट आणून टाकलं, ते बघूनच माझं डोकं फिरलं. पदवी शाखेत येणारं पत्र एका पानाचं असतं. पोरं लिहितात, 'मला प्रमाणपत्र मिळावे ही विनंती', खाली सही, संपलं. हे पाकीट जवळजवळ पाव किलो भरलं असतं.

"मॅडम, सोडवून द्या," दसरूभाऊ म्हणाले. "आवकला याचा नंबर टाकताना माझा पेन संपला."

मी साधना. विद्यापीठाच्या पदवी शाखेत बसते. प्रोव्हिजनल, म्हणजे निकाल लागल्यावर मिळणारं तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, आणि दीक्षांत समारंभानंतर मिळणारं अंतिम पदवी प्रमाणपत्र, हे दोन कागद माझ्या टेबलावरून जातात. या दोन कागदांत लोक काय काय घोळ घालू शकतात ते मला पाठ आहे, असं मला त्या सोमवारपर्यंत वाटत होतं.

पत्र पोंभुर्णा तालुक्यातल्या एका जंगलालगतच्या गावाहून आलं होतं. अक्षर सुंदर, समासही सोडलेला.

'विषय : कु. करिश्मा इतवारी कुमरे हिला बी.एस्सी.ची अंतिम पदवी तातडीने मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती अर्ज करतो की, माझ्या मुलीस चंद्रपूर येथे कोळसा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली असून सदर कंपनी फक्त तात्पुरते प्रमाणपत्र स्वीकारते. सबब, आपण तिला अंतिम पदवी प्रमाणपत्र त्वरित द्यावे.' खाली सही, इतवारी कुमरे.

मी ते तीनदा वाचलं. कंपनीला तात्पुरतं हवं, सबब अंतिम द्या. 'सबब'च्या अलीकडचं आणि पलीकडचं काही केल्या जुळेना. म्हणजे पाहुण्याला चहाच लागतो, सबब त्याला लवकर जेवायला वाढा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी पत्र फाइलला लावून विसरले असते. पण मागे जोडपत्रं होती. कंपनीचं नेमणुकीचं पत्र, त्यात स्पष्ट लिहिलेलं: ही भरती यंदा उत्तीर्ण झालेल्यांसाठीच आहे, रुजू होताना यंदाचं तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र दाखवावं, इंटरनेटवरून काढलेली गुणपत्रिका किंवा दुसरा कोणताही कागद चालणार नाही, तारीख शुक्रवार. आणि त्यामागे ग्रामसभेचा ठराव. ठराव क्रमांक चार. 'करिश्मा कुमरे ही गावातील पहिली बी.एस्सी. असून तिला कच्चा कागद देऊन फसवणूक होऊ नये. विद्यापीठाने पक्की पदवीच द्यावी, असे सर्वानुमते ठरले.' सूचक, अनुमोदक, त्र्याहत्तर सह्या, एकोणीस अंगठे. प्रत माहितीस्तव : जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, वन विभाग.

वन विभाग! पोरीच्या बी.एस्सी.शी वन विभागाचा काय संबंध? मी हसले, खरं सांगते, शेजारच्या टेबलांना वाचून दाखवून हसले. दुपारपर्यंत अख्ख्या शाखेत 'सबब' हा शब्द जो तो वापरत होता. "मला भूक लागली आहे, सबब मी झोपतो."

मंगळवारी हसू जिरलं. जिल्हाधिकारी कार्यालयाला गेलेल्या प्रतीवर तिथल्या कुणा इमानदार माणसाने एका दिवसात शेरा मारून ती आमच्याकडे ईमेलने पाठवली होती: 'योग्य ती कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे व या कार्यालयास अवगत करावे.' एरवी तिथून उत्तर यायला भाताच्या रोवणीची कापणी होते. नेमकं याच वेळी चपळाई सुचली.

आणि त्याच दिवशी माझ्या हातात दुसरा अर्ज आला. करिश्मा इतवारी कुमरे, ऑनलाइन भरलेला, फी भरलेली, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका जोडलेल्या, मागणी तात्पुरत्या प्रमाणपत्राची. म्हणजे पोरीला बरोबर कळलं होतं. तिने तिचा अर्ज गेल्या आठवड्यातच केला होता. मी प्रमाणपत्र छापलं, तपासणाऱ्याकडून तपासून घेतलं आणि उपकुलसचिव साहेबांच्या सहीला ठेवलं. पाच मिनिटांचं काम.

साहेबांनी पेन उघडलं आणि बंद केलं.

"हीच ना ती कुमरे? कलेक्टर ऑफिसच्या संदर्भातली?"

"हो साहेब. पण हा तिचा स्वतःचा अर्ज आहे. ते पत्र वडिलांचं. मुलगी सज्ञान आहे."

"एकाच विद्यार्थिनीच्या नावाने दोन मागण्या. एक म्हणते तात्पुरतं द्या, दुसरी म्हणते तात्पुरतं देऊन फसवू नका. उद्या मी तात्पुरतं दिलं आणि त्र्याहत्तर माणसं येऊन बसली तर? आधी तो संदर्भ निकाली काढा."

"मग उत्तर देऊन टाकू, की दीक्षांत समारंभाआधी अंतिम पदवी देता येत नाही."

"टिपणी ठेवा. वर जाईल. कुलसचिव बैठकीला गेलेत, सोमवारी येतील."

"तिची तारीख शुक्रवारची आहे साहेब."

"नाहीतर पत्र मागे घेऊ द्या. लेखी. पण ठराव ग्रामसभेचा आहे, तेव्हा ग्रामसभेनेच मागे घ्यावा. एकट्या बापाने घेतलेला मी मानणार नाही."

साहेब वाईट नाहीत. फक्त त्यांना आयुष्यात कधी कुठल्या कागदावर आपली सही चुकीची ठरू द्यायची नाही, आणि त्याचा सोपा मार्ग त्यांनी शोधून ठेवलाय, सहीच करायची नाही. मी अर्जावरच्या नंबरावर फोन लावला आणि पोरीला म्हटलं, तुझ्या वडिलांना घेऊन ये, नाहीतर तुझी नोकरी गेली म्हणून समज. हे मी जरा जास्तच जोरात म्हटलं.

बुधवारी दुपारी बाराला दोघं आले. मूल गावाला गाडी बदलून, पावसात भिजून. करिश्मा काटकुळी, चष्मा लावलेली, चेहरा रडून सुजलेला. बाप ताठ. डोक्याला पंचा, काखेत प्लास्टिकची पिशवी, पायाच्या नखांत रोवणीचा चिखल.

"सेवा जोहार, बाई," तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला. "पदवी झाली का तयार?"

"बाबा!" करिश्मा म्हणाली.

मी शांतपणे समजावलं. म्हणजे सुरुवात शांतपणे केली. तात्पुरतं प्रमाणपत्र म्हणजे खोटं नव्हे. निकाल लागला, पोरगी पास झाली, हे विद्यापीठ सहीशिक्क्यानं सांगतं. अंतिम पदवी दीक्षांत समारंभात जाहीर होते, मगच छापून मिळते, आणि समारंभाला अजून सहा-सात महिने आहेत. कंपनीलाही हे माहीत आहे. यंदा पास झालेल्याकडे यंदाची पक्की पदवी असूच शकत नाही, म्हणूनच ती तात्पुरतं मागते.

इतवारीभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जे कंपनी कच्चाच कागद मागते, थे नोकरी कच्चीच देते. एवढं तं मले समजते. आमी पक्का कागद नेऊन दाखवू, मंग थ्याईले पक्की नोकरी द्याच लागन."

तेव्हा ते 'सबब' मला कळलं. त्याच्या दोन्ही बाजू अचानक जुळल्या. हा माणूस वेडा नव्हता. त्याचं गणित सरळ होतं, फक्त ते आमच्या पुस्तकातलं नव्हतं.

"असं नसतं हो भाऊ."

"कसं रायते मंग?" त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. घड्यांवर चिकटपट्टी लावलेला, पिवळा पडलेला. वनहक्क दाव्याची पोच. "दोन हजार नऊ साली देल्ली ही. तीन एकर अतिक्रमणाची जमीन, माह्या आज्यापासून वाहून राह्यलो. साहेब म्हणे, हे तात्पुरती पोच ठेव, पट्टा मागून येते. माही पोरगी तवा पाच वर्साची होती. थे बी.एस्सी. झाली. पट्टा अजून येऊनच राह्यला."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तर पंधरा-सोळा वर्षं तोंड पोळतच होतं. मला आता गावाचा ठरावही कळला आणि वन विभागाला पाठवलेली प्रतही. ज्या पत्त्यांवर पट्ट्यासाठी पत्रं जायची, त्याच पत्त्यांवर पदवीसाठी गेली. पत्रं लिहिणाऱ्या, गावच्या वनहक्क समितीच्या सचिवाला, डोमाला, दुसरे पत्ते ठाऊकच नव्हते.

पण कळवळून काय उपयोग? घड्याळ पुढे चाललं होतं. मी म्हटलं, "भाऊ, जमिनीचं वेगळं, विद्यापीठाचं वेगळं. आमच्याकडे तात्पुरतं म्हणजे अगदी भरवशाचं. माझ्यावर विश्वास ठेवा. मी चौदा वर्षं इथे काम करते."

"तुमी पक्क्या हाव का?"

"काय?"

"नोकरीत. पक्क्या हाव का इथी?"

शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. मी चौदा वर्षं कंत्राटी आहे. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. पहिल्या वर्षी साहेबांच्या आधीचे साहेब म्हणाले होते, सध्या तात्पुरतं घ्या, पुढे बघू. हे मी आईलासुद्धा नीट सांगितलेलं नाही. आता चिखलाच्या पायांचा एक माणूस समोर बसून सहज विचारत होता.

"नाही," मी म्हटलं. आणि मला राग आला, त्याचा नाही, पण आला. मी उगाच फाइल उघडली.

"हूं," इतवारीभाऊ म्हणाले. त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. "मंग सांगा."

तेव्हा करिश्मा बोलली. इतका वेळ ती पिवळ्या पोचेकडे बघत होती.

"बाबा, तो जंगलाचा गार्ड आल्ता ना, आपल्या बांधीतले धानाचे पऱ्हे उपटाले? मी सातवीत होती."

"हो मंग."

"तुमी थ्याले काय दाखवलं?"

इतवारीभाऊंनी पोचेकडे बोट केलं.

"हेच दाखवलं ना. थ्यानं वाचलं, अन् म्हणे दावा चालू हाय, उठवता येत नाई. अन् गेला वापस. दुसऱ्या खेपेस साहेबाले घेऊन आला, तवाबी हेच दाखवलं. शेजारच्या सोनबाजीनं पोच हरवली होती, थ्याची बांधी गेली. आपली काऊन रायली? पट्टा नाई आला, पन पोचीनं जमीन राखली ना, बाबा? पंधरा वर्स राखली. थेच धान इकून तुमी मले शिकवलं."

तिने पोच बापासमोर सरकवली. "कच्चा कागदबी काम करते जी. मले फक्त शुक्रवारपावतर पायजे. मले जाऊ द्या ना."

इतवारीभाऊंनी ती पोच हातात घेतली. बराच वेळ बघितली. पंधरा वर्षं ज्या कागदाला शिव्या दिल्या त्याच्याकडे माणूस कसा बघेल, तसं बघितलं. मग पंच्याने तोंड पुसलं, डोळ्यांवरूनही फिरवला.

"काय करा लागते, बाई?" त्यांनी मला विचारलं.

मी साहेबांची अट सांगितली. ग्रामसभेने ठराव मागे घ्यावा, लेखी, आणि गुरुवारी संध्याकाळच्या आत. उद्या साहेब आहेत, परवा रजेवर.

"रोवणी चालू हाय," इतवारीभाऊ म्हणाले. "सभेले कोन येईन? गाव बांधीत हाय." मग स्वतःच म्हणाले, "तं सभाच बांधीत नेतो."

त्यांनी डोमाला फोन लावला. फोन स्पीकरवर, आवाज असा की साहेबांच्या केबिनपर्यंत जावा.

"डोमा, ठराव वापस घ्याचा हाय."

"काऊन? विद्यापीठानं धमकावलं का तुले?"

"नाई गा. पोरीनं समजावलं."

"कोरम पायजे. अन् बायाबी पायजे, नाईतं सभा खोटी."

"बांधीत बायाच हायेत सगळ्या. तिथीच घे."

"कारण काय लिहू?"

इतवारीभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. कारण मी काय सांगणार?

"मी गावात आलो का सांगतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

गुरुवारी सकाळपासून मी तीनदा दाराकडे गेले. दसरूभाऊ म्हणाले, "मॅडम, तुमची सोयरी हाय का कोणी?" मी त्यांना कामाला लावलं. दुपारी दीडला मोबाइलवर फोटो आला. त्यात गुडघाभर पाण्यात बाया ओळीने उभ्या, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या, आणि शेताच्या धुऱ्यावर डोमा ठरावाचं रजिस्टर छत्रीखाली धरून. मागोमाग करिश्माचा निरोप: निघालो.

साडेचारला बापलेक पोचले. ठरावाची प्रत रीतसर, गावाच्या शिक्क्यासकट. अंगठ्यांचे ठसे शाईचे की चिखलाचे ते ओळखू येत नव्हतं, पण होते. मी वाचलं.

'ठराव क्रमांक पाच. ठराव क्रमांक चार मागे घेण्यात येत आहे. विद्यापीठाचे तात्पुरते प्रमाणपत्र ग्रामसभेस तात्पुरते मान्य आहे. सदर मान्यता दीक्षांत समारंभापर्यंत राहील. त्यानंतर पक्की पदवी न आल्यास ग्रामसभा विद्यापीठात बसेल.'

चौदा वर्षांत विद्यापीठाला कुणी मुदतीची मान्यता दिल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते.

दसरूभाऊंनी आवक नंबर टाकला. मी टिपणी लिहिली: 'संदर्भ निकाली. जिल्हा कार्यालयास अवगत करण्याचे पत्र सोबत. तात्पुरते प्रमाणपत्र स्वाक्षरीस सादर.' आणि दीक्षांत समारंभाचा अर्ज उघडला की पदवीसाठी तो वेळेत भरायचा, हे करिश्माकडून वहीत लिहून घेतलं. तो भरला नाही तर पक्की पदवी कधीच घरी येत नाही, आणि निम्मी पोरं तिथेच चुकतात.

साहेबांनी ठराव वाचला. शेवटच्या ओळीवर थांबले. "ही धमकी आहे का?"

"मुदत आहे साहेब," मी म्हटलं. "आपणही देतो ना."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग सही केली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. शिक्का मीच मारला, इतका जोरात की टेबलावरचा चहा हलला.

इतवारीभाऊंनी प्रमाणपत्र उजेडाला धरून बघितलं, उलटं करून बघितलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं. पोच रजिस्टरवर पोरीने सही केली आणि मला म्हणाली, "थँक्यू मॅडम." मग वाकून पाया पडली. मला असलं आवडत नाही. मी तिला रागावले आणि बसस्टँडला पिटाळलं, शेवटची गाडी सहाची होती.

शनिवारी सकाळी फोन आला. करिश्मा रुजू झाली होती. कंपनीने कागद बघितला, झेरॉक्स ठेवून घेतली, अस्सल परत दिला. पांढरा कोट मिळाला. दिवसभर कोळशाची पूड वजन करून भट्टीत जाळायची आणि राख मोजायची, हे ती इतक्या आनंदाने सांगत होती की मलाच हेवा वाटला. मी खुर्चीत मागे टेकून ऐकत होते. चांगलं वाटत होतं, फार चांगलं.

"अन् मॅडम, बाबाले बोलाचं हाय."

फोन हातातून हातात गेला.

"बाई, जोहार. नेमणुकीचा मोठा कागद आला कंपनीचा. थ्याच्यात लिवलं हाय का सहा महिने परि... परि काय तरी."

"परिवीक्षा," मी म्हटलं. माझा आवाज हळू झाला. "म्हणजे सहा महिने काम बघतात, मग कायम करतात. सगळ्यांनाच असते ती, भाऊ."

"मंजे तात्पुरती."

"तसं... हो. तात्पुरती."

"मी म्हटलं होतं का नाई?"

म्हटलं होतं. पहिल्या पत्रातच म्हटलं होतं आणि मी ते शाखेत वाचून दाखवून हसले होते.

"म्हटलं होतं, भाऊ," मी कबूल केलं.

"डोमा रजिस्टर घेऊन बसला हाय. सहा महिन्यांनी पोरीले पक्कं करा लागन, असा ठराव घेऊन राह्यलो. प्रत कंपनीले, कलेक्टरले, वन विभागाले."

मागून करिश्माचा आवाज आला, "बाबा, नाई! ठराव नको!"

शनिवारच्या सुट्टीत उरलेलं काम घेऊन शाखेत मी एकटीच बसले होते. साहेबांच्या केबिनला कुलूप होतं. माझा अकरावा महिना पुढच्या आठवड्यात भरत होता.

"भाऊ," मी म्हटलं, "त्या ठरावात आणखी एक नाव बसेल का?"